व्हाइटबोर्डच्या फोटोतून कामांची यादी: कोण, काय, कधीपर्यंत

प्रश्न: आमच्याकडे मीटिंग संपली की कोणीतरी बोर्डाचा फोटो काढून ग्रुपवर टाकतं आणि पुढच्या मीटिंगपर्यंत त्याकडे कोणी बघत नाही. आता फोटोवरून ॲक्शन पॉइंटची यादी करायचं काम माझ्याकडे आलं आहे. फोटोत अर्धवट शब्द, बाण आणि नावांची आद्याक्षरं असतात. यातून काम, जबाबदार माणूस आणि तारीख नेमकी कशी काढायची?

उत्तर:

मी 16 वर्षं उत्पादन नियोजनात आहे आणि अशा याद्या दर आठवड्याला करतो. पहिल्या दोन-तीन वर्षांत माझ्याही याद्या फसायच्या, कारण यादी फोटोतच आहे आणि मला ती फक्त नीट उतरवायची आहे असं मी धरून चालायचो. बोर्डावर बहुतेक नामंच असतात: "गेज", "ट्रेनिंग", "600". क्रियापद, एकच जबाबदार माणूस आणि खरी तारीख या तीन गोष्टी मीटिंगला बसलेल्यांच्या डोक्यात असतात आणि एक-दोन दिवसांत तिथूनही जातात. म्हणून यादी करणं म्हणजे फोटोचा आधार घेऊन या तीन गोष्टी त्याच दिवशी माणसांकडून परत मिळवणं. हे कसं करायचं ते एका खऱ्या बोर्डावरून सांगतो.

भोसरीतला मशिनिंगचा कारखाना. सोमवार, 7 जुलै 2025, सकाळी साडेदहाची मीटिंग. ग्राहकाची तक्रार आली होती की आमच्या एका पार्टचं 25 मिलिमीटरचं बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, मोठं आहे. ड्रॉइंगप्रमाणे ते 25.000 ते 25.021 मध्ये हवं. मीटिंग तासभर चालली.

आधी फोटोबद्दल थोडं. फ्लॅश बंद ठेवा आणि बोर्डासमोर नेमके मध्ये उभे न राहता किंचित बाजूला सरका, म्हणजे ट्यूबलाइटची चकाकी अक्षरांवर येत नाही. एक फोटो पूर्ण बोर्डाचा आणि मग जवळून तीन-चार, प्रत्येकात शेजारच्या भागाचा थोडा हिस्सा यायला हवा. स्कॅनचं ॲप वापरत असाल तर काळा-पांढरा मोड टाळा. त्यात पिवळा, नारिंगी, फिका हिरवा मार्कर सरळ गायब होतो आणि लाल रंगाने मुद्दाम लिहिलेलं वेगळं दिसत नाही. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि बारीक अक्षर फुटतं, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फोटो काढताक्षणी मोठा करून, लोक खोलीत असतानाच वाचून बघा. "हा शब्द काय आहे?" हे तेव्हा पाच सेकंदांत कळतं. मीटिंगला कोण हजर होतं तेही तिथेच टिपून घ्या. ते फोटोत कधीच नसतं आणि पुढे त्याचीच गरज पडते.

आता उतरवणं. पहिल्या फेरीत अर्थ लावायचा नाही. बोर्डावर जसं आहे तसं, ओळीला क्रमांक देऊन, खाडाखोड आणि खुणांसकट एक्सेलच्या पहिल्या कॉलममध्ये लिहायचं. त्या दिवशीचा बोर्ड असा उतरला:

1. बोअर ओव्हरसाइज, 40 नग, तक्रार
2. सॉर्टिंग – एसके / पीजे – उद्या
3. 600?
4. ऑफसेट!! (खाली दोन रेघा)
5. गेज कॅलि. – आरडी
6. 8डी – शुक्र. (चौकटीत)
7. ट्रेनिंग – सर्व शिफ्ट
8. एअर गेज?
9. कस्टमरला कळवणे ✓
10. इन्सर्ट – 200 (खोडलेलं) 150
11. बॉक्सला हिरवं लेबल (ओळ 2 कडून बाण)

हा कॉलम नंतर कधीही बदलायचा नाही. तुम्ही जे काही समजून घ्याल, ते शेजारच्या कॉलममध्ये जाईल. ही शिस्त कंटाळवाणी वाटते, पण कोणी "असं ठरलंच नव्हतं" म्हणालं तर बोर्डावर काय होतं आणि मी काय भरलं हे तुम्हाला वेगळं दाखवता येतं. फोनमधून मजकूर आपोआप उचलून घेतला तरी ही फेरी हातानेच करा. बाण, चौकट आणि खोडलेला आकडा त्यात येत नाही, आणि निम्मा अर्थ तर त्यातच असतो.

दुसऱ्या कॉलममध्ये प्रत्येक ओळीसमोर एकच शब्द लिहायचा: काम, निर्णय, प्रश्न किंवा माहिती. नवशिक्या माणसाकडून इथे सगळ्यात जास्त चुका होतात, कारण बोर्डावर सगळ्या ओळी सारख्याच दिसतात. ओळ 1 माहिती आहे, ती यादीच्या वर संदर्भ म्हणून जाईल. ओळ 11 स्वतंत्र काम नाही. बाण सांगतो की ती सॉर्टिंगच्या पद्धतीचा भाग आहे, तपासून बरे निघालेले बॉक्स ओळखता यावेत म्हणून. ओळ 8 हा प्रश्न आहे. एअर गेज, म्हणजे हवेच्या दाबावर बोअर मोजणारं उपकरण, घ्यायचं का यावर चर्चा झाली, पण ठरलं काहीच नाही. अशी ओळ "एअर गेज खरेदी करणे" म्हणून यादीत घुसली की खरेदी विभाग कोटेशन मागवायला लागतो आणि महिनाभराने साहेब विचारतात की हे कोणी सांगितलं.

ओळ 10 हा निर्णय आहे: इन्सर्ट, म्हणजे हत्याराचं बदलता येणारं कापणारं टोक, आता 200 ऐवजी 150 नगांनंतर बदलायची. निर्णयाच्या ओळी नीट बघा, कारण त्यांच्या पोटात काम लपलेलं असतं आणि ते बोर्डावर कोणीच लिहीत नाही. 150 हा आकडा कंट्रोल प्लॅनमध्ये, मशिनजवळच्या सूचनापत्रकावर आणि मशिनच्या काउंटरमध्ये बदलावा लागेल. ते कोण करणार? मीटिंगमध्ये सगळ्यांनी मान डोलावली आणि निर्णय झाला, तरी रात्रपाळीच्या ऑपरेटरच्या समोरच्या कागदावर 200च राहिले असते. प्रत्येक निर्णयासमोर मी एकच प्रश्न लिहितो: हे ठरलं म्हणून कोणता कागद, कोणतं सेटिंग किंवा कोणाची सवय बदलावी लागेल? त्याचं उत्तर हे यादीतलं नवं काम.

ओळ 9 वरची बरोबरची खूण फसवी असते. कोणी "झालं" म्हणून ती करतं, कोणी "यावर बोलून झालं" म्हणून. विचारल्यावर कळलं की क्वालिटीच्या मॅडमनी मीटिंगमधूनच ग्राहकाला फोन केला होता, पण लेखी मेल बाकी होता. म्हणजे खूण असूनही काम उरलं होतं.

ओळ 3 वर माझी चूक झाली. "600?" ला नाव नाही, क्रियापद नाही, पुढे प्रश्नचिन्ह. मी तिला माहिती म्हणून बाजूला ठेवलं आणि दुपारी एकला कच्ची यादी सगळ्यांना पाठवली. वीस मिनिटांत परचेसवाल्यांचा फोन आला, "ते 600 नग ग्राइंडिंगवाल्याकडे आहेत, बाहेरचा व्यास ग्राइंड करून आज दुपारच्या गाडीत भरणार होते. त्यांना थांबवायचं कोणी सांगितलंय का?" कोणीच नाही. बोर्डावरचा सगळ्यात तातडीचा मुद्दा त्या एका आकड्यात होता. तेव्हापासून माझा नियम असा की ज्या ओळीचा अर्थ मला सांगता येत नाही तिला "माहिती" म्हणायचं नाही. ती "अर्थ विचारायचा" म्हणून यादीच्या सगळ्यात वर ठेवायची आणि पहिला फोन तिच्यासाठी करायचा.

आता कामाचं वाक्य. "ऑफसेट!!" एवढ्या शब्दावर कोणी काम करू शकत नाही. मी प्रोडक्शन इंजिनिअरच्या टेबलाशी जाऊन विचारलं. त्यांचा संशय असा होता: इन्सर्ट झिजत जाते तसं बोअर लहान येऊ लागतं, म्हणून ऑपरेटर मशिनमध्ये झिजेचा ऑफसेट थोडा थोडा वाढवत जातो. नवीन इन्सर्ट लावल्यावर तो ऑफसेट शून्यावर आणायचा राहिला, तर पहिल्या काही नगांचं बोअर मोठं येणार. हे पटण्यासारखं होतं, पण तपासलेलं नव्हतं. मग वाक्य झालं: "इन्सर्ट बदलून, ऑफसेट शून्य न करता आणि शून्य करून, दोन्ही प्रकारे नग काढून बोअर मोजणे, मोजमापं लिहून क्वालिटीला देणे." शेवटी काय हातात पडलं की काम झालं म्हणायचं, ते वाक्यातच आलं पाहिजे. इथे मोजमापांचा कागद. "बघणे", "फॉलोअप करणे", "लक्ष ठेवणे" या क्रियापदांना असा शेवट नसतो. ती आली की पुन्हा विचारा.

कधी कधी एका शब्दात कामांची रासच असते. "8डी – शुक्र." ही तशी ओळ. 8डी हा ग्राहकाच्या तक्रारीवर द्यायचा रिपोर्ट, त्यात टीम, समस्येचं वर्णन, तात्पुरता अटकाव, मूळ कारण, कायमचा उपाय, त्याची अंमलबजावणी, पुन्हा न घडण्याची सोय आणि शेवटी टीमचं कौतुक असे आठ टप्पे असतात. अंमलबजावणी करून ती टिकते हे दाखवायला आठवडे लागतात, चार दिवसांत ते होत नाही. मग शुक्रवारी काय द्यायचं होतं? मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, मूळ कारणापर्यंतचं, म्हणजे डी4 पर्यंत. हे न विचारता "8डी पाठवणे" लिहिलं असतं तर शुक्रवारी एकाच्या मते काम पूर्ण आणि दुसऱ्याच्या मते अर्धवट असतं.

जबाबदार माणूस एकच हवा. "एसके / पीजे" या तिरक्या रेघेचा प्रत्यक्षातला अर्थ असा की एसके पीजेची वाट बघणार आणि पीजे एसकेची. एसके शिफ्ट सुपरवायझर, माणसं त्यांची. पीजे इन्स्पेक्टर, गेज त्यांच्याकडे. काम दोघांचंही आहे, ते नाकारायचं नाही. मी दोघांना एकत्र उभं करून विचारतो, "उद्या संध्याकाळी आकडा आला नाही तर मी फोन कोणाला करू?" यावर दोघं एकमेकांकडे बघतात आणि मग एकजण "मला करा" म्हणतो. पीजे म्हणाले. जबाबदार पीजे, आणि "मदत" या वेगळ्या कॉलममध्ये एसके.

ज्या ओळीला नावच नाही तिथे स्वतःच्या अंदाजाने नाव टाकू नका. साहेबांचंही टाकू नका आणि, हे विशेष सांगतो, स्वतःचंही टाकू नका. यादी करणाऱ्याकडे सगळी अनाथ कामं साचत जातात आणि ती करण्याचा अधिकार त्याला नसतो. "ठरलेलं नाही" असं स्पष्ट लिहा आणि मीटिंग ज्यांनी घेतली त्यांना अशा सगळ्या ओळी एकदम दाखवून नावं घ्या. त्या दिवशी विचारूनही नाव न मिळालेल्या अशा दोन ओळी होत्या, ऑफसेटची आणि 150 नगांची. प्लँट हेडनी दोन मिनिटांत दोन्ही प्रोडक्शन इंजिनिअरना, व्हीकेंना दिल्या.

गैरहजर माणसाचं नाव हा आणखी एक सापळा. गेज कॅलिब्रेशनसमोर "आरडी" होतं, पण आदल्या दिवशी आषाढी एकादशी होती आणि आरडी पंढरपूरला गेले होते, बुधवारी परतणार होते. ज्याने ऐकलंच नाही त्याने काम घेतलेलं नसतं. अशा ओळीसमोर मी "होकार बाकी" लिहितो आणि तो माणूस येईपर्यंत ओळ कोणी सांभाळायची तेही लिहितो. इथे क्वालिटीच्या मॅडम. त्यांनी लगेच एक गोष्ट सांगितली जी बोर्डावर नव्हती: बोअर तपासायचं प्लग गेजच कॅलिब्रेशनला बाहेर गेलं तर सॉर्टिंग कशाने करणार? म्हणून ते काम सॉर्टिंगच्या नंतरच जाणार, हे तारखेआधीच ठरलं.

आता तारखा. फोटोतल्या "उद्या", "शुक्र.", "महिनाअखेर" या शब्दांना फोटोच्या दिवशीच अर्थ असतो, म्हणून पहिलं काम म्हणजे त्यांच्या जागी वार आणि तारीख दोन्ही लिहिणं: "मंगळवार, 8 जुलै". वार लिहिला की चूक आपोआप पकडली जाते, कारण वार आणि तारीख जुळली नाही तर कोणीतरी बोलतंच. "पुढचा शुक्रवार" ऐकलं तर थांबा. काहींसाठी तो येणारा शुक्रवार, काहींसाठी त्यानंतरचा. "11/7" सारखं लिहिलं असेल आणि ग्राहक परदेशातला असेल तर महिना अक्षरी लिहा. आणि वेळ लिहा. "शुक्रवारपर्यंत" म्हणजे शुक्रवारी सकाळी की रात्री, यावरून भांडणं झालेली मी पाहिली आहेत.

आमच्या भागात गुरुवारी औद्योगिक सुट्टी असते, ग्राहकाचं ऑफिस मात्र त्या दिवशी चालू. त्यामुळे "तीन दिवसांत" हे तोंडी मोजलं की चुकतं. एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये हे सूत्र वापरा; शेवटचा 15 म्हणजे फक्त गुरुवार सुट्टी:

```
=WORKDAY.INTL(DATE(2025,7,7),3,15)
```

सोमवारनंतर कामाचे तीन दिवस म्हणजे मंगळवार, बुधवार आणि शुक्रवार, म्हणून उत्तर 11 जुलै येतं; तारखेऐवजी नुसता आकडा दिसला तर सेलचं फॉरमॅट तारखेचं करा. तुमच्याकडे फक्त रविवार सुट्टी असेल तर 15 च्या जागी 11 लिहा. सणाच्या सुट्ट्या धरायच्या असतील तर त्यांच्या तारखा वेगळ्या कॉलममध्ये लिहून तो पट्टा सूत्रात चौथ्या जागी द्या.

पण खरं मोजणं उलटं करायचं असतं. जी तारीख बाहेरच्या माणसाला दिलेली आहे ती खिळा, बाकीच्या तिथून मागे. डी4 पर्यंतचा रिपोर्ट शुक्रवारी सकाळी अकराला ग्राहकाकडे जायचा. गुरुवारी कारखाना बंद, म्हणजे मसुदा बुधवारी संध्याकाळी तयार हवा. मसुद्यात मूळ कारण हवं, म्हणजे ऑफसेटची चाचणी बुधवारी दुपारी तीनला संपलेली हवी. आणि किती नग खराब निघाले हा आकडा सॉर्टिंगमधून मंगळवारी संध्याकाळी यायला हवा. बोर्डावर फक्त "उद्या" आणि "शुक्र." होतं. मधल्या दोन तारखा कोणी बोललंच नव्हतं, आणि त्यांच्याशिवाय शुक्रवार गाठता आला नसता.

दुपारी अडीचला यादी अशी झाली होती. 'अंदाज' लिहिलेल्या तारखा मी भरलेल्या, बाकीच्या बोर्डावरून किंवा माणसांकडून आलेल्या:

- ग्राइंडिंगवाल्याकडचे 600 नग गाडीत भरण्याआधी लगेच थांबवून वेगळे ठेवून घेणे, लेखी पोच मागवणे – परचेस – सोमवार, 7 जुलै, संध्या. 5
- फोनवर सांगितलेलं ग्राहकाला मेलने कळवणे – क्वालिटी मॅडम – सोमवार, 7 जुलै, संध्या. 6
- तयार माल आणि लाइनवरचा माल प्लग गेजने पूर्ण तपासणे, बऱ्या बॉक्सला हिरवं लेबल, चांगले-खराब आकडा मेलवर – पीजे (मदत एसके) – मंगळवार, 8 जुलै, संध्या. 5
- ऑफसेटची चाचणी आणि मोजमापांचा कागद – व्हीके – बुधवार, 9 जुलै, दुपारी 3 (अंदाज)
- 8डी, डी4 पर्यंत: मसुदा बुधवार, 9 जुलै, संध्या. 6 (अंदाज), ग्राहकाला शुक्रवार, 11 जुलै, सकाळी 11 – क्वालिटी मॅडम
- 150 नगांचा आकडा कंट्रोल प्लॅन, सूचनापत्रक आणि काउंटरमध्ये बदलणे – व्हीके – शनिवार, 12 जुलै, संध्या. 5 (अंदाज)
- प्लग गेज कॅलिब्रेशनला पाठवणे, सॉर्टिंग संपल्यावरच – आरडी, होकार बाकी. तोवर मॅडम – शुक्रवार, 11 जुलै, संध्या. 5 (अंदाज)
- तिन्ही शिफ्टच्या ऑपरेटरांना ऑफसेट आणि 150 नगांबद्दल प्रशिक्षण, सह्यांचा कागद – एसके – बुधवार, 16 जुलै, संध्या. 5 (अंदाज, सूचनापत्रक बदलल्यानंतरच)

खाली वेगळं: "ठरलेलं नाही: एअर गेज. पुढच्या सोमवारी चर्चा."

ग्रुपवर यादी टाकली म्हणजे ती मान्य झाली असं नाही. ग्रुपवरच्या निळ्या खुणा म्हणजे होकार नव्हे. यादी ग्रुपवर टाकाच, पण प्रत्येकाला त्याच्यापुरता वेगळा निरोप पाठवा: "पीजे साहेब, तुमच्याकडे एक ओळ आहे: सॉर्टिंगचा आकडा, मंगळवार संध्या. 5. जमेल ना? नसेल तर कधी जमेल ते आज चारपर्यंत कळवा." या निरोपात तारीख बदलायला जागा ठेवलेली आहे, आणि ती मुद्दाम. व्हीके म्हणाले की बुधवारी पहिल्या शिफ्टला मशिन दुसऱ्या पार्टवर आहे, चाचणी मंगळवारी दुपारीच घेतो. 'अंदाज' म्हणून भरलेली तारीख त्यांनी स्वतः एक दिवस अलीकडे आणली. मी ती पक्की म्हणून लिहिली असती तर बुधवारी सकाळी मशिन मोकळं नाही हे कळलं असतं आणि मसुदा अडला असता.

ज्याचं चारपर्यंत उत्तर आलं नाही त्याला मी जाऊन भेटतो. कारखान्यात हे सोपं आहे. तुमची माणसं वेगवेगळ्या शहरांत असतील तर फोन करा, दुसरा मेसेज नको.

शेवटचा भाग यादी बंद करण्याचा. मंगळवारी पाच वाजता पीजेंचा "झालं" एवढाच मेसेज आला. मी ओळ बंद केली नाही, कारण ओळीत "चांगले-खराब आकडा मेलवर" असं लिहिलं होतं. आकडा मागितल्यावर कळलं की तयार माल तपासून झाला होता, पण लाइनवरच्या दोन ट्रॉल्या राहिल्या होत्या. त्या रात्री नऊपर्यंत तपासून झाल्या. मेल आला, तेव्हा ओळीसमोर तारीख टाकली आणि बोर्डाचे चारही फोटो `2025-07-07_bore_board_1.jpg` अशा नावांनी त्याच फोल्डरमध्ये यादीशेजारी ठेवले.